पासबुकात आहेत, एटीएमला नाहीत: अडकलेल्या सहा हजारांचा हिशेब

पत्र: दादा, नमस्कार. आम्ही दिग्रस तालुक्यातले कास्तकार. सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेलो होतो. माझ्या खात्यात १३,५०० रुपये होते. ५ तारखेला हॉटेलात उतरताना डेबिट कार्ड मशीनमध्ये घालून पिन टाकायला लावला आणि ६,००० चा मेसेज आला. ८ तारखेला निघताना बिल ४,७९० झालं, तेव्हा त्यांनी परत कार्ड मागितलं, परत पिन घेतला. म्हणाले, ‘ते सहा हजार आपोआप येतात.’ १० तारखेला गाडीचा ३,२०० चा हप्ता बाउन्स झाला, वरून २९५ दंड लागला. पासबुकात ८,४१५ छापून आले, एटीएम २,४१५ दाखवते. शाखेतले म्हणतात, आमच्या हातात नाही. सेतू केंद्रातला मुलगा म्हणतो, ५ दिवस झाले की बँक रोज १०० रुपये देते. माझे पैसे गेले कुठं? आणि भाच्यानं परदेशातल्या कॉलेजची ९० डॉलर फी क्रेडिट कार्डानं भरली, तेव्हा मेसेज ७,८३० चा आला आणि बिलात ८,१९०.८७ लागले. तेही असंच आहे का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर:

ताई, तुमचे सहा हजार कुठंही गेलेले नाहीत. हॉटेलकडे नाहीत, हॉटेलच्या बँकेकडेही नाहीत. ते तुमच्याच बँकेत, तुमच्याच खात्यात आहेत, फक्त त्यांना कुलूप लागलेलं आहे. त्याचा पुरावा तुम्हीच पत्रात लिहिला आहे. पासबुकातली शिल्लक आणि एटीएमची शिल्लक यांतला फरक काढून बघा: ८,४१५ वजा २,४१५, बरोबर ६,०००. खात्यातून खरोखर वजा झालेली रक्कम पासबुकात छापली जाते. नुसती रोखून धरलेली रक्कम तुमच्या बँकेत पासबुकात येत नाही, पण एटीएमला वापरता येणारी शिल्लक विचारली की ती बाजूला काढूनच आकडा येतो. म्हणून दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात, आणि दोन्ही खरे आहेत.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. गाडीचा हप्ता आजच हातानं भरून टाका. खात्यातले २,४१५ आणि वरचे आठेकशे रुपये घरातून किंवा उसने घेऊन भरा, पण सहा हजार सुटायची वाट बघू नका. ते सुटायला आणखी काही दिवस लागू शकतात. हप्ता मात्र जितके दिवस थकेल तितके दिवस तो तुमच्या नावावर थकबाकी म्हणून राहतो, आणि उद्या पीककर्ज काढायला गेलात की तीच नोंद समोर येते. पावती जपून ठेवा.

आता हे झालं कसं, ते सांगतो. मी बँकेत बरीच वर्षं कार्डांच्या ताळमेळाच्या टेबलावर काढली, आणि तुमच्यासारखी माणसं रोज येत. बहुतेकांची चूक नसायची. त्यांना एवढंच कुणी सांगितलेलं नसायचं, की कार्डाचा व्यवहार एका दमात होत नाही, दोन टप्प्यांत होतो.

आपल्याला आता यूपीआयची सवय झाली आहे. तिथं पिन टाकला की इकडे वजा, तिकडे जमा, विषय संपला. एटीएममधून पैसे काढतानाही तसंच, नोट हातात आली की व्यवहार पूर्ण. कार्ड मशीनवर चालवलं की मात्र त्या क्षणी पैसा हलतच नाही.

तुमच्याकडं कापूस होतो, म्हणून बाजार समितीचंच उदाहरण घेतो. गाडी आवारात लागते, व्यापारी वर चढून कापूस हातात घेऊन बघतो, बोली होते, भाव ठरतो. तुम्ही घरून निघताना अंदाज बांधलेला असतो, दहा क्विंटल भरेल. पण बोली झाली म्हणजे पैसे मिळाले का? नाही. गाडी काट्यावर जाते, भरलेल्या गाडीचं वजन होतं, माल उतरला की रिकाम्या गाडीचं होतं, मग कळतं की माल नऊ क्विंटल चाळीस किलो आहे. त्यावर पट्टी बनते आणि पट्टीप्रमाणे चुकारा होतो. बोली वेगळी, चुकारा वेगळा, आणि दोन्हींच्या मध्ये काटा. कार्डाच्या व्यवहारातल्या पहिल्या टप्प्याला ऑथरायझेशन म्हणतात, ती बोली. दुसऱ्याला क्लिअरिंग म्हणतात, ती पट्टी. फरक एकच, आणि तो तुम्हाला महागात पडला: इथं बोलीच्या वेळी अंदाजाची जी रक्कम सांगितली, तेवढे पैसे लगेच कुलूपबंद होतात.

५ तारखेला काउंटरवर काय घडलं ते बघा. मशीनवर ६,००० टाकले, तुम्ही पिन टाकला. मशीननं हॉटेलच्या बँकेला निरोप धाडला. तिथून तो निरोप कार्डाच्या जाळ्यात गेला. तुमच्या कार्डावर रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड असं काहीतरी लिहिलेलं असेल, ते जाळं. जाळ्यानं तो तुमच्या बँकेकडे पोहोचवला. तुमच्या बँकेच्या संगणकानं पाहिलं की कार्ड चालू आहे का, पिन बरोबर आहे का, रोजच्या मर्यादेत बसतं का, खात्यात ६,००० आहेत का. सगळं ठीक निघालं, तेव्हा त्यानं १३,५०० मधले ६,००० रोखून ठेवले आणि ‘हो’ म्हणून उलटा निरोप धाडला. त्या ‘हो’ सोबत सहा अक्षरांचा एक मंजुरी क्रमांक असतो. तो मशीनच्या पावतीवर छापून येतो, बहुधा `APPR CODE` अशा नावापुढं. हे सगळं काही सेकंदांत झालं आणि तुमच्या मोबाइलवर मेसेज वाजला. तो मेसेज रोखलेल्या रकमेचा होता. मेसेजच्या शब्दांवरून हा फरक अनेकदा कळत नाही, आणि मला विचाराल तर बँकांनी तो स्पष्ट लिहायलाच हवा. ‘रोखले’ आणि ‘वजा झाले’ या दोन शब्दांत माणसाचा हप्ता अडकलेला असतो.

हॉटेलवाल्यानं हे का केलं? कारण तुम्ही किती दिवस राहणार, जेवण किती मागवणार, हे त्याला ५ तारखेला माहीत नव्हतं. त्यानं दिवसाला दोन हजार धरून तीन दिवसांचे सहा हजार रोखले. याला प्री-ऑथ म्हणतात, आणि तसं करण्यात काही गैर नाही. मशीनमध्ये त्यासाठी वेगळी सोयच असते.

खरं काम निघताना होतं, आणि चूक तिथंच झाली. खरं बिल ४,७९० झालं, तेव्हा त्यानं मशीनवर `COMPLETION` निवडून, ५ तारखेचा तोच मंजुरी क्रमांक टाकून ४,७९० भरायला हवे होते. म्हणजे त्याच बोलीवर पट्टी झाली असती. रात्री दुकानदार मशीनचा दिवसभराचा हिशेब बंद करतो, त्याला ते ‘बॅच सेटल करणं’ म्हणतात. त्यानंतर हॉटेलच्या बँकेकडून एक फाइल निघते. तिच्यात प्रत्येक व्यवहाराची एक ओळ असते: कार्ड कोणतं, अंतिम रक्कम किती, मंजुरी क्रमांक कोणता. जाळं त्या ओळी बँकाबँकांत वाटतं, कोणत्या बँकेनं कोणाला किती द्यायचे याचा हिशेब लावतं आणि पैसा खऱ्या अर्थानं तेव्हा हलतो. तुमच्या बँकेकडे ४,७९० ची ओळ आली असती, तिनं तिची जोडी ५ तारखेच्या ६,००० शी लावली असती, ४,७९० वजा केले असते आणि उरलेले १,२१० मोकळे केले असते. तुमच्या खात्यात ८,७१० वापरायला राहिले असते आणि हप्ता सुरळीत गेला असता.

त्याऐवजी काउंटरवरच्या माणसानं `SALE` दाबून नवा व्यवहार केला. असा माझा अंदाज आहे, कारण तुम्ही लिहिलं आहे की त्यानं परत पिन घेतला. प्री-ऑथ पूर्ण करायला बहुतेक मशीनवर जुना मंजुरी क्रमांक पुरतो, पिन लागत नाही. पिन परत मागितला, याचा अर्थ बहुधा नवी बोली लागली. तुमच्या बँकेच्या दृष्टीनं आता दोन वेगळे व्यवहार झाले: एक ६,००० चा, जो अजून पूर्ण व्हायचा आहे, आणि दुसरा ४,७९० चा. दुसऱ्याची फाइल आली, ते वजा झाले. पहिल्याची फाइल आलीच नाही, आणि येणारही नाही, कारण हॉटेलनं ती पाठवायची नाही असं ठरवलं. पण हे ‘पाठवायची नाही’ त्यानं तुमच्या बँकेला कळवलेलं नाही. बँक अजून वाट बघते आहे. १३,५०० मधून ६,००० रोखलेले, ४,७९० आणि २९५ वजा झालेले, राहिले २,४१५. एटीएम तेच सांगते.

माझ्या अंदाजाची खातरजमा तुम्हाला घरबसल्या करता येईल. ५ तारखेची पावती आणि ८ तारखेची पावती शेजारी ठेवा. पहिलीवर `PRE-AUTH` आणि दुसरीवर `SALE` असेल, आणि दोन्हींवरचे मंजुरी क्रमांक वेगवेगळे असतील, तर मी सांगतो तेच झालं आहे. दोन्हींवर एकच क्रमांक असेल, तर हॉटेलनं काम बरोबर केलं आहे आणि जोडी लावताना तुमच्या बँकेच्या बाजूनं काहीतरी राहिलं आहे. मग भांडण बँकेशी. मशीनच्या पावतीची शाई उन्हात आणि पर्सच्या उबेत महिनाभरात उडते, म्हणून आजच दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पावती हरवली असेल, तर हॉटेलकडे दुकानदाराची प्रत असते. ती मागून घ्या.

तुम्हाला प्रश्न पडेल, की असा दोन टप्प्यांचा घोळ घातला तरी कशाला. ही पद्धत कागदाच्या काळातली आहे. पूर्वी दुकानात कार्डावर कार्बनची पावती ठेवून वरून सरकपट्टी फिरवायचे, कार्डावरचे उठावदार आकडे कागदावर उमटायचे. मोठी रक्कम असेल तर दुकानदार बँकेला फोन करून विचारायचा की हे कार्ड घेऊ का, आणि तिकडून सांगितलेला क्रमांक पावतीवर लिहायचा. मग अशा पावत्यांची गड्डी बँकेत नेऊन भरायचा, आणि तेव्हा त्याला पैसे मिळायचे. फोन आज, पावत्या नंतर. फोनच्या जागी मशीन आलं, गड्डीच्या जागी फाइल आली, पण दोन टप्पे तसेच राहिले. आणि ज्याचं बिल आधी ठाऊक नसतं, अशा हॉटेलसारख्या धंद्याला ते हवेही असतात.

आता पैसे सोडवायचं. हॉटेलला फोन कराल तेव्हा ‘माझे सहा हजार परत करा’ असं म्हणू नका. तो खरेपणानं सांगेल की आमच्याकडे आलेच नाहीत, आणि तुम्हाला वाटेल तो खोटं बोलतो. ‘५ तारखेचं प्री-ऑथ रद्द करा’ असं म्हणा. त्याच्या मशीनवर प्री-ऑथ रद्द करायची सोय असते, त्याला मंजुरी क्रमांक आणि रक्कम लागते. मशीनवरून होत नसेल, तर तो आपल्या बँकेला ईमेल करून ते सोडायला सांगू शकतो. रद्द केल्याची पावती किंवा त्या ईमेलची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. तीही देत नसेल, तर हॉटेलच्या कागदावर दोन ओळी लिहून, शिक्का मारून मागा: अमुक तारखेचं ६,००० चं प्री-ऑथ, कार्डाचे शेवटचे चार आकडे अमुक, मंजुरी क्रमांक अमुक, याची रक्कम आम्ही घेणार नाही, बिल ४,७९० वेगळ्या व्यवहारात मिळालं.

तो कागद घेऊन शाखेत जा. ‘आमच्या हातात नाही’ हे शाखेतल्या माणसाचं म्हणणं अर्धं खरं आहे. काउंटरवरून त्याला ते कुलूप सहसा उघडता येत नाही, ते काम बँकेच्या कार्ड विभागाचं. पण तुमचा अर्ज घेऊन तिकडे पाठवणं त्याच्या हातात आहे. लेखी अर्ज द्या, हॉटेलचा कागद आणि दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स जोडा, आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. अर्जात एवढंच लिहा, की माझ्या खात्यावर ५ तारखेपासून ६,००० रुपये रोखलेले आहेत, त्या व्यवहाराचं क्लिअरिंग होणार नसल्याचं दुकानदाराचं पत्र जोडलं आहे, ते मोकळे करावेत. ‘फसवणूक’ हा शब्द घालू नका. तो घातला की अर्ज वेगळ्या खिडकीकडे जातो, कार्ड बंद होतं आणि मूळ काम लांबतं.

या कामासाठी तुमचा पिन किंवा ओटीपी कुणालाही लागत नाही. ‘पैसे सोडवून देतो’ म्हणत कुणाचा फोन आला आणि त्यानं यातलं काही मागितलं, तर फोन ठेवून द्या. हॉटेलचा नंबर बिलावरून घ्या आणि बँकेचा कार्डाच्या मागून. इंटरनेटवर शोधलेल्या नंबरावर विसंबू नका.

काहीच केलं नाही तरी हे कुलूप कधीतरी आपोआप उघडतं. किती दिवसांत, ते बँकेच्या आणि जाळ्याच्या नियमांवर अवलंबून असतं. दुकानातल्या साध्या खरेदीला मुदत थोड्या दिवसांची असते, पण हॉटेलच्या प्री-ऑथला ती महिन्याच्या आसपास असू शकते, कारण माणूस तीन आठवडे मुक्काम करू शकतो हे नियम करणाऱ्यांनी धरलेलं आहे. हॉटेलवाल्याचं ‘आपोआप येतात’ खोटं नाही. पण हप्ता तेवढे दिवस थांबत नाही, हे त्याला माहीत नसलं तरी तुम्हाला माहीत झालं आहे. हे उत्तर तुमच्या हाती पडेपर्यंत कदाचित पैसे सुटलेही असतील. सुटले, तरी पुढचे काही आठवडे पासबुक भरून बघत राहा. कुलूप निघाल्यावरही दुकानदाराची फाइल उशिरा येऊ शकते आणि रक्कम वजा होऊ शकते. पासबुकात कधी ६,००० वजा झालेले छापून आले, तर तो वेगळा प्रकार. मग हॉटेलनं एकाच मुक्कामाचे दोनदा पैसे घेतले असं होतं, आणि त्यासाठी बँकेत कार्ड व्यवहाराच्या तक्रारीचा फॉर्म भरायचा. ते पैसे बँक दुकानदाराच्या बँकेकडून जाळ्यामार्फत परत मागते. तुमच्याकडे ४,७९० ची पावती आणि बिल आहे, तेवढा पुरावा भक्कम आहे.

सेतू केंद्रातल्या मुलानं सांगितलेला रोज १०० रुपयांचा नियम खरा आहे, पण तुमच्यासाठी नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये तो काढला, फसलेल्या व्यवहारांसाठी. म्हणजे खात्यातून पैसे गेले पण दुकानाच्या मशीनवर मंजुरी पोहोचलीच नाही, असं झालं तर बँकेनं व्यवहाराच्या दिवसापासून ५ दिवसांत ते आपोआप परत करायचे, नाहीतर पुढं रोज १०० रुपये द्यायचे. तुमचा ५ तारखेचा व्यवहार फसलेला नव्हता. मंजुरी मिळाली, पावती निघाली. म्हणून हा नियम पुढं करून बँकेशी वाद घालू नका, अर्ज त्यातच अडकेल. मात्र हॉटेलचं पत्र देऊनही बँकेनं ३० दिवसांत काही केलं नाही किंवा धड उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार `cms.rbi.org.in` वर करता येते, त्याला पैसे लागत नाहीत, आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तेव्हा शाखेची ती पोच कामाला येईल.

२९५ रुपयांबद्दल मला तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. बँकेच्या हिशेबानं १० तारखेला वापरता येण्याजोगे ३,२०० खात्यात नव्हते, म्हणून दंड नियमात बसतो. अर्जात एक ओळ घालून दंड माफ करायची विनंती करा, चांगला व्यवस्थापक असेल तर करतो. न्यायानं ते पैसे हॉटेलनं द्यायला हवेत, कारण त्यानं जुनं प्री-ऑथ मोकळं न करता नवा व्यवहार केला. त्याला पत्र मागाल तेव्हा हे शांतपणे सांगा, आणि बाउन्सचा मेसेज दाखवा.

भाच्याच्या फीचंही मूळ तेच, दोन टप्पे. पण तिथं कुलूप अडकलं नाही, रक्कम वाढली. फी डॉलरमध्ये होती आणि बोलीही डॉलरचीच होती, ९० डॉलर. मंजुरीच्या क्षणी डॉलरचा जो भाव होता त्यानं मेसेजमधला आकडा निघाला: ८७ रुपये गुणिले ९०, म्हणजे ७,८३०. कॉलेजच्या बँकेची फाइल दोन-तीन दिवसांनी आली, आणि हिशेब त्या दिवशीच्या भावानं झाला. आता बिलातल्या ८,१९०.८७ वरून उलटं मोजलं तर ८७.४० चा भाव जुळतो. ९० डॉलरचे ७,८६६ झाले. त्यावर बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क साडेतीन टक्के, २७५.३१. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, ४९.५६. बेरीज ८,१९०.८७, पैशापर्यंत बरोबर. भावातल्या फरकानं फक्त ३६ रुपये वाढले, बाकी सगळं शुल्क आणि त्यावरचा कर. काही बँका हे शुल्क पहिल्या मेसेजमध्येच धरतात, त्याच्या बँकेनं धरलेलं दिसत नाही. यात कुणी जास्तीचं घेतलं नाही, पण पुढं कॉलेजची मोठी फी भरायची असेल, तर साडेतीन टक्के कितीचे होतात ते त्यानं आधी मोजावं आणि बँकेतून थेट रक्कम पाठवायला किती लागतात ते विचारून घ्यावं.

सासूबाईंना तपासणीला परत नागपूरला न्यावं लागेलच. उतरताना काउंटरवर कार्ड देण्याआधी विचारा, ‘प्री-ऑथ करताय की सेल?’ त्या दिवसांत हप्ता असेल तर सांगा की कार्डावर रोखू नका, रोख किंवा यूपीआयनं आगाऊ देते, आणि त्याची पावती घ्या; जास्तीचे उरले तर निघताना हातात मिळतात. कार्ड द्यावंच लागलं, तर निघताना ५ तारखेसारखी पावती त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, ‘यावरच कम्प्लिशन करा.’ त्यानं परत पिन मागितला, तर पिन टाकण्याआधी मशीनच्या पडद्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. तिथं `SALE` दिसलं, तर आधी जुनं प्री-ऑथ रद्द करायला सांगा, त्याची पावती हातात घ्या, आणि मगच पिन टाका.